हातचा एक ठेवायचा कुठे?



आजचा विषय पत्रिकेत वाचून काही जणांनी मला विचारलं, की दोन आकड्यांच्या बेरजेवर माणूस तासभर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. बेरीज दुसरीतली पोरंही करतात. पण बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेला विद्यार्थी, पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, बीएस्सीला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेला विद्यार्थी, यांच्यापुढे प्रॅक्टिकलच्या दिवशी चिठ्ठी येते, 'दोन आठ-बिट संख्यांची बेरीज करा व उत्तर मेमरीत साठवा', आणि ती वाचून तो खूश होतो. सोपी निघाली म्हणून. अर्ध्या तासानं बघावं तर त्याच्या किटवर उत्तर चुकलेलं असतं, आणि का चुकलं ते त्याला सांगता येत नाही. त्या अर्ध्या तासात काय घडतं, ते आज आपण सावकाश बघू.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. या प्रोग्रॅममध्ये बेरीज करणारी आज्ञा एकच आहे आणि ती एका बाइटची आहे. बाकीचा जवळजवळ निम्मा प्रोग्रॅम हातच्यासाठी आहे. ज्याला हे कळलं त्याला प्रोग्रॅम पाठ करावा लागत नाही.

आपला प्रोसेसर आहे इंटेलचा ८०८५. हा १९७६ साली आला. त्याच्या आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज पुरवावे लागत, याला पाच व्होल्टचा एकच पुरवठा चालतो. चाळीस पायांची ही चिप एका वेळी आठ बिट हाताळते. आठ बिटांत ० पासून २५५ पर्यंतच्या संख्या मावतात. किटवर आपण त्या सोळाच्या पायानं, म्हणजे हेक्समध्ये लिहितो: 0 ते 9, मग दहासाठी A, अकरासाठी B, असं पंधरासाठी F पर्यंत. त्यामुळे २५५ म्हणजे FF, आणि कुठलीही आठ-बिट संख्या दोन अक्षरांत बसते.

आता दोन संख्या घेऊ, 9A आणि 8C. पहिलीत नऊ सोळा एकशे चव्वेचाळीस अधिक दहा, म्हणजे १५४. दुसरीत आठ सोळा एकशे अठ्ठावीस अधिक बारा, म्हणजे १४०. बेरीज २९४. आणि इथेच गाडी अडते, कारण आठ बिटांत २५५ च्या वर जागाच नाही. प्रोसेसर काय करतो? २९४ मधून २५६ बाजूला काढतो, उरलेले ३८ आपल्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे A रजिस्टरमध्ये ठेवतो, आणि २५६ बाजूला काढले याची खूण म्हणून कॅरी नावाचा एक फ्लॅग १ करतो. ३८ म्हणजे हेक्समध्ये 26. पूर्ण उत्तर 126, त्यातले 26 अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये आणि पुढचा 1 कॅरीत. शाळेत आपण हातचा पाटीच्या कोपऱ्यात लिहायचो, तोच हा हातचा.

हा हातचा एकापेक्षा जास्त कधीच येत नाही. सगळ्यात मोठ्या दोन संख्या म्हणजे FF आणि FF. त्यांची बेरीज ५१०, हेक्समध्ये 1FE. म्हणजे नऊ बिट पुरे. एकच जादा बिट सांभाळायचा आहे. तो सांभाळावा का लागतो, तर पुढची कुठलीही बेरीज-वजाबाकी कॅरी फ्लॅग बदलून टाकते. फ्लॅग ही राहायची जागा नाही, वाटेतला थांबा आहे. तिथून तो बिट उचलून मेमरीत नेऊन ठेवणं, हे आपलं काम.

आणि मेमरीतच का? कारण किटवर दुसरीकडे तो दिसत नाही. आपल्या प्रयोगशाळांतल्या किटवर सहसा सहा दिवे असतात, सात दांड्यांच्या आकड्यांचे. डावीकडचे चार मेमरीचा पत्ता दाखवतात, उजवीकडचे दोन त्या पत्त्यावर काय आहे ते दाखवतात. म्हणजे एका वेळी दोनच अक्षरं दिसणार. 126 ही तीन अक्षरं त्या खिडकीत मावणारच नाहीत. म्हणून उत्तराला दोन घरं लागतात: एकात 26, शेजारच्या घरात 01.

आता प्रोग्रॅम लिहू. किटची रॅम कुठल्या पत्त्यापासून सुरू होते ते कंपनीगणिक बदलतं. आपण 2000 पासून धरू. पहिली संख्या 2100 वर, दुसरी 2101 वर, बेरीज 2102 वर आणि हातचा 2103 वर.

```
2000  21 00 21  LXI H,2100H
2003  7E        MOV A,M
2004  0E 00     MVI C,00H
2006  23        INX H
2007  86        ADD M
2008  D2 0C 20  JNC 200CH
200B  0C        INR C
200C  23        INX H
200D  77        MOV M,A
200E  23        INX H
200F  71        MOV M,C
2010  76        HLT
```

सतरा बाइट झाले. डावीकडे पत्ता, मधे किटवर प्रत्यक्ष दाबायची अक्षरं, उजवीकडे आज्ञा. परीक्षेत असेंबलर मिळत नाही. आज्ञेवरून मधला रकाना तक्त्यात बघून विद्यार्थ्यानं स्वतः भरायचा असतो.

एकदा चालवून बघू. पहिली आज्ञा H आणि L या जोडीत 2100 हा पत्ता भरते. यापुढे जिथे जिथे M येईल, तिथे 'HL मध्ये जो पत्ता आहे ते घर' असं वाचायचं. MOV A,M नं 2100 मधले 9A अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये आले. C रजिस्टर आपण हातच्यासाठी राखून ठेवलंय, त्यात शून्य भरलं. INX H नं पत्ता एकानं पुढे, 2101. ADD M नं तिथले 8C मिळवले: अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये 26, कॅरी १. JNC म्हणजे 'हातचा नसेल तर उडी मार'. इथे हातचा आहे, म्हणून उडी नाही, आणि पुढची INR C ही आज्ञा C ला एक करते. हातचा नसता तर ही आज्ञा ओलांडून गाडी थेट 200C वर गेली असती आणि C शून्यच राहिलं असतं. मग पत्ता 2102, तिथे 26 ठेवले. पत्ता 2103, तिथे 01 ठेवला. आणि HLT, थांबा.

हे सगळं व्हायला किती वेळ लागतो? पाठ्यपुस्तकात प्रत्येक आज्ञेपुढे घड्याळाचे ठोके दिलेले असतात. आपल्या उदाहरणात त्यांची बेरीज ७९ होते. किटवर ६.१४४ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल असेल तर आतलं घड्याळ त्याच्या निम्म्यानं, सेकंदाला तीस लाखांहून थोडे जास्त ठोके देतं. म्हणजे सव्वीसएक मायक्रोसेकंदांत काम उरकलं. सतरा बाइट बोटानं भरायला मात्र पाच मिनिटं जातात, आणि चुका होतात त्या तिथे.

बेरीज आधी आणि हातचा नंतर, हा क्रम का? उलटा ठेवला तर चालणार नाही का? चालेल. पण ८०८५ ची रीत अशी, की सोळा बिटांची संख्या मेमरीत ठेवताना धाकटा बाइट आधीच्या पत्त्यावर आणि थोरला नंतरच्या. आपण तीच रीत पाळली, तर उद्या दुसऱ्या प्रोग्रॅमला हे उत्तर LHLD 2102H या एका आज्ञेत उचलता येतं: L मध्ये 26, H मध्ये 01, मिळून 0126. हीच रीत JNC च्या पत्त्यातही दिसते. जायचं आहे 200C वर, पण भरायचं आधी 0C आणि मग 20.

आता चुकांकडे येतो. मला त्यातच जास्त रस आहे, कारण या प्रोग्रॅममधल्या चुका लपून बसतात. त्या काही आकड्यांना दिसतात आणि काही आकड्यांना दिसत नाहीत.

आत्ताच सांगितलेली गोष्ट घ्या. विद्यार्थ्यानं D2 0C 20 च्या ऐवजी D2 20 0C भरलं. 9A आणि 8C देऊन चालवलं. उत्तर 26, 01. अगदी बरोबर! कारण हातचा आला, उडी मारायची वेळच आली नाही, चुकीचा पत्ता कुणी वाचून वापरलाच नाही. पोरगं निश्चिंत. मग परीक्षक येतात आणि म्हणतात, 25 आणि 13 घालून दाखव. आता हातचा नाही, म्हणून उडी लागते, आणि ती जाते 0C20 वर, जिथे आपला प्रोग्रॅमच नाही. 2102 आणि 2103 मध्ये मघाचेच 26 आणि 01 बसलेले. खूण लक्षात ठेवा: आकडे बदलले तरी उत्तर हलत नाही, म्हणजे प्रोग्रॅम उत्तर लिहिण्यापर्यंत पोचलेलाच नाही.

याच्या उलट चूक JNC च्या जागी JC लिहिण्याची, म्हणजे D2 च्या ऐवजी DA. मग हातचा असतो तेव्हा 00 येतो आणि नसतो तेव्हा 01. बेरजेचं घर दोन्ही वेळा बरोबर. ज्यानं बेरीजच तपासली, त्याला ही चूक दिसणारच नाही.

तिसरी चूक MVI C,00H विसरण्याची. विद्यार्थ्याला वाटतं, रीसेट दाबलंय, सगळं शून्यच असणार. तसं नसतं. रीसेटनं प्रोसेसर पत्ता शून्यापासून सुरू होतो, पण B, C, D वगैरे रजिस्टरं शून्य होतील अशी हमी नाही. शिवाय किटचा मॉनिटर प्रोग्रॅम स्वतःच्या कामासाठी तीच रजिस्टरं वापरतो. मग बेरीज बरोबर आणि हातच्याच्या घरात 3F किंवा A7 असं काहीतरी भलतंच. तिथे 00 किंवा 01 शिवाय तिसरं काही दिसलं, तर C ला शून्य भरलंय का ते आधी बघायचं.

आणि एक मजेदार चूक अक्षरामुळे होते. घाईनं लिहिलेला 8 बऱ्याच जणांच्या वहीत B सारखा दिसतो. ADD M चा कोड 86. तो कुणी B6 वाचून भरला, तर ती आज्ञा होते ORA M. ती बेरीज करत नाही, दोन संख्यांचे बिट एकमेकांवर ठेवून जिथे एखादा तरी १ आहे तिथे १ लिहिते. आता 25 आणि 13 ची बेरीज हवी 38, येते 37. एकच कमी! विद्यार्थी गोंधळतो, पुन्हा हातानं बेरीज करून बघतो, INX मोजून बघतो. 9A आणि 8C ला मात्र 26, 01 च्या ऐवजी 9E, 00 येतं, कारण ORA नेहमी कॅरी पुसून टाकते. पहिल्या जोडीत चूक किरकोळ वाटते, दुसरीत ती लगेच उघडी पडते.

तोंडी परीक्षेत हमखास येणारा एक प्रश्न इथे बसतो. परीक्षक विचारतात, प्रोग्रॅम संपल्यावर फ्लॅग काय आहेत? हुशार विद्यार्थी बेरजेवरून सांगतो: 26 शून्य नाही, म्हणून झीरो फ्लॅग ०, 26 मध्ये एकाचे बिट तीन, म्हणजे विषम, म्हणून पॅरिटी ०, A आणि C मिळवताना आतला हातचा आला, म्हणून ऑक्झिलरी कॅरी १, कॅरी १. बेरीज झाल्याबरोबर हे उत्तर बरोबर होतं. पण नंतर INR C झाली, आणि INR कॅरी सोडून बाकी सगळे फ्लॅग नव्यानं ठरवते. म्हणून शेवटी ऑक्झिलरी कॅरी ०. कॅरी मात्र तसाच १, कारण INR त्याला हात लावत नाही. INX आणि MOV तर यांपैकी एकाही फ्लॅगला हात लावत नाहीत. म्हणूनच ADD आणि JNC यांच्या मधे INX H आली तरी कॅरी बिघडत नाही.

आता त्या तक्रारीकडे, जी दर वर्षी कुणीतरी करतंच. 'सर, मी पंचवीस आणि अडतीस घातले, त्रेसष्ट यायला हवे, 5D आले. किट बिघडलंय.' किट ठणठणीत आहे. त्यानं भरले ते हेक्समधले 25 आणि 38, म्हणजे आपले सदतीस आणि छप्पन्न. त्यांची बेरीज त्र्याण्णव, म्हणजे 5D. दहाच्या पायानं उत्तर हवं असेल तर ADD M च्या लगेच नंतर DAA ही एका बाइटची आज्ञा घालायची, कोड 27. ती बघते, की उजवं अक्षर 9 च्या पुढे गेलं का, किंवा आतला हातचा आला का. तसं असेल तर 6 मिळवते. डाव्या अक्षराचंही तेच, तिथे 60 मिळवते. D मध्ये सहा मिळवले, उत्तर 63. आणि 75 आणि 48 घातले तर आधी BD, मग C3, मग 23 आणि हातचा १. म्हणजे एकशे तेवीस. घरांत 23 आणि 01, वाचताना 0123.

पण हा एक बाइट घातला की काय होतं ते नीट बघा. त्याच्यापुढचं सगळं एक घर सरकतं. INR C आता 200C वर आली आणि तिच्यापुढची INX H 200D वर. विद्यार्थ्यानं खालचे सगळे बाइट पुन्हा भरले, पण JNC चा पत्ता 200C च ठेवला, तर हातचा नसतानाची उडी नेमकी INR C वर जाऊन पडते. परिणाम असा, की हातचा कायम 01. पंचवीस आणि अडतीसचे एकशे त्रेसष्ट! एखाद्याच्या किटवर हातचा कधीच शून्य होत नसेल, तर त्यानं आधी उडीचा पत्ता तपासावा. हातानं कोड भरताना मधे आज्ञा घुसवली, की सगळ्या उड्या पुन्हा मोजायच्या.

उडीचा एवढा त्रास असेल तर उडीशिवाय होईल का? होतं, आणि चांगले विद्यार्थी तसं लिहितातही. ADD M पर्यंत सारं तसंच, C ची गरज नाही, आणि पुढे असं:

```
ADD M
INX H
MOV M,A
MVI A,00H
ADC A
INX H
MOV M,A
HLT
```

बेरीज ठेवून दिली. अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये शून्य भरलं. मग ADC A, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये अ‍ॅक्युम्युलेटर आणि कॅरी मिळव: शून्य अधिक शून्य अधिक हातचा. उरला तो नुसता हातचा, तो पुढच्या घरात ठेवला. पत्ता नाही, उडी नाही, दोन रस्ते नाहीत.

इथेही एक सापळा आहेच. ज्याला एक बाइट वाचवायची हौस असते तो MVI A,00H च्या जागी XRA A लिहितो. तीही अ‍ॅक्युम्युलेटर शून्य करते आणि एकाच बाइटची आहे. पण XRA कॅरीही शून्य करते. म्हणजे ज्या बिटासाठी एवढा खटाटोप केला तोच उचलण्याच्या एक पाऊल आधी पुसला. MVI फ्लॅगला शिवत नाही म्हणून ती चालते. दोन आज्ञांचं फळ एक दिसत असलं तरी त्या मागे काय ठेवून जातात ते वेगळं असतं, आणि या प्रोग्रॅममध्ये सारा फरक तेवढ्यानंच पडतो.

आता परीक्षेच्या टेबलाशी काय करावं ते सांगून थांबतो. बाइट भरून झाले की चालवायच्या आधी सगळा प्रोग्रॅम पहिल्या पत्त्यापासून पुन्हा बघून जावा. बऱ्याच किटवर बाइट दाबल्यानंतर पुढच्या घराची कळ दाबल्याशिवाय तो मेमरीत जात नाही, त्यामुळे शेवटचा 76 दिसतो पण बसलेला नसतो. मग प्रोसेसर थांबायच्या जागी थांबत नाही, 2010 पासून मेमरीत जो कचरा असेल त्यालाही आज्ञा समजून पुढे जातो. दुसरं, उत्तराच्या दोन्ही घरांत आधी 55 भरून ठेवावं. चालवल्यावर तिथे 55 च दिसलं, तर प्रोग्रॅम तिथवर पोचला नाही हे कळतं. तिथे आधीच शून्य असेल आणि उत्तरही शून्यच यायचं असेल, तर हे कसं कळणार?

मग तीन जोड्या. 25 आणि 13: उत्तर 38, 00, इथे उडी लागते. 9A आणि 8C: उत्तर 26, 01, इथे उडी लागत नाही. आणि FF आणि 01: उत्तर 00, 01, बेरजेचं घर शून्य असूनही उत्तर शून्य नाही. प्रत्येक वेळी उत्तराच्या घरांत पुन्हा 55 भरायला विसरायचं नाही. पहिल्या दोन जोड्यांनी प्रोग्रॅममधले दोन्ही रस्ते तुडवून होतात, तिसरीनं दाखवून होतं की हातचा नसता तर सारं उत्तरच हरवलं असतं. हे जमलं की परीक्षकांना टेबलाशी बोलवावं. ते बहुधा चौथी जोडी देतील, FF आणि FF. त्याचं उत्तर FE आणि 01, आणि त्याहून मोठं उत्तर या दोन घरांत कधी येणार नाही, हेही त्यांना सांगून टाकावं.